मदत हवी आहे: पाचही सूर तेच, मग हा भूप नसून देशकार कसा?

कळवेकर
माझी मुलगी नौपाड्यात हार्मोनियम शिकते, सध्या भूप चालू आहे. मी गिटार वाजवतो, त्यामुळे सा रे ग प ध ही माझ्या ओळखीची मेजर पेंटाटोनिक. काल क्लासमध्ये तिने आपल्या मनाने थोडं वाजवलं. सगळे शुद्ध सूर, म नाही, नी नाही. तरी बाई लगेच म्हणाल्या, "अगं, हा देशकार झाला." घरी पुस्तकात पाहिलं तर देशकारालाही हेच पाच सूर! मग राग बदलला कशाने? पोरीला काय सांगू?

नेरुळकर
सोपं आहे. भूपाचा वादी, म्हणजे मुख्य सूर, ग, देशकाराचा ध. ध जास्त वेळा आला की देशकार. शिवाय भूप संध्याकाळनंतरचा आणि देशकार सकाळचा. क्लास संध्याकाळी असेल तर तो भूपच म्हणायला हवा.

तंबोरेवाली
नेरुळकर, वादी बरोबर सांगितलात, पण 'जास्त वेळा' एवढ्याने भागत नाही. भूपात ध संवादी, म्हणजे दुसऱ्या क्रमांकाचा महत्त्वाचा सूर आहे, तोही भरपूर येतो. आणि वेळेने राग ठरत नाही. देशकार रात्री गायला तरी तो देशकारच राहतो.
कळवेकर, तिने नेमकं काय वाजवलं ते आठवतंय का? त्याशिवाय बोलण्यात अर्थ नाही.

कळवेकर
तिला विचारून लिहितोय: सा, ग प ध, ध... सां ध प, ग प ध प, ग रे सा. दुसऱ्या ध वर बराच वेळ थांबली होती.

तंबोरेवाली
मग बाईंचं बरोबर आहे. पहिल्याच तुकड्यात कळतं. सा वरून ती थेट ग वर गेली, रे सोडला. देशकारात चढताना रे असाच दुबळा असतो, उतरतानाही 'ग रे सा' मध्ये तो भरकन निघून जातो. मग ती ध वर जाऊन उभी राहिली. भूपात मधल्या सप्तकातल्या ध वर असं ठाण मांडून बसत नाहीत. तो ध आला की प कडे, तिथून ग कडे ओढला जातो. तिसरं म्हणजे तिचं बरंचसं वाजवणं प पासून वरच्या सा पर्यंतच्या भागात घुटमळलं. देशकाराचा जीव तिथेच आहे, भूपाचा खालच्या अर्ध्यात.
आता तिला हे वाजवायला सांगा: सा, खालचा ध, सा रे ग... थांबा. प ग... थांबा. ध प ग, रे, सा. मंद्र सप्तकातल्या ध ला शिवून वर यायचं, रे ला पूर्ण वेळ द्यायचा आणि विसावायचं ग वर. दोन्ही तुकडे लागोपाठ वाजवले की तिच्या कानालाच फरक कळेल.
स्केल सांगते कोणते सूर वापरायचे. कुठून कुठे जायचं, कुठे थांबायचं, कोणता सूर नुसता स्पर्शून सोडायचा, हे राग सांगतो. भूप-देशकार हा काही अपवाद नाही. मारवा, पूरिया आणि सोहनी हे तिघेही एकाच सहा सुरांतले, पण त्यांची गल्लत जाणकार करत नाही. मारव्यात कोमल रे आणि शुद्ध ध राज्य करतात, पूरियात ग आणि नी, आणि सोहनी सारखी वरच्या सा कडे धावते.

वाशीची_आई
आमच्या मुलाच्या क्लासमध्ये फक्त आरोह-अवरोह पाठ करून घेतात. परीक्षेला तेवढं पुरेल ना? की क्लास बदलू?

तंबोरेवाली
ताई, परीक्षेचं त्याच्या बाईंनाच विचारा. पण नुसत्या आरोह-अवरोहावरून हे दोन राग वेगळे करणं कठीण आहे. प्रत्येक रागाची निदान पकड, म्हणजे राग ओळखू येणारा छोटा तुकडा, तरी घोटून घ्यायला सांगा.

गिटारठाणे
माझ्या माहितीप्रमाणे देशकाराचा ध भूपापेक्षा किंचित चढा असतो. म्हणजे सूर 'तेच' नाहीतच! हार्मोनियमवर तर हा फरक दाखवताच येणार नाही.

तंबोरेवाली
असं शिकवणारे गुरू आहेत खरे. माझ्या गुरुजींचा यावर भर नव्हता, ते म्हणायचे की ध वर कसे येता ते सांभाळा. माझा कल त्यांच्याकडेच, पण ठामपणे सांगणार नाही. हार्मोनियमची खरी अडचण मला मींडेची वाटते. भूपातली प वरून ग वर घसरत येणारी मींड पट्ट्यांवर निघत नाही, म्हणून तिथे थांबण्याच्या जागा जास्तच काटेकोर सांभाळाव्या लागतात.

कळवेकर
दोन्ही तुकडे वाजवून घेतले. ग वर थांबल्यावर तीच म्हणाली, "हा बाईंचा भूप." आता तिचा पुढचा प्रश्न: चढताना रे घेतला, पण तरीही ध वर थांबलं, तर तो कोणता राग?

तंबोरेवाली
रे नुसता ओझरता लागला तर देशकार टिकतो. रे वर थांबून मग ध वरही थांबली, तर ऐकणारा गोंधळेल, दोन्हीपैकी एकही राग उभा राहणार नाही. याच सुरांत जैत कल्याणही आहे, पण तो प भोवती फिरतो, तिच्या या वाजवण्यात बसत नाही. बाईंसमोर वाजवून दाखवायला सांगा आणि त्या काय म्हणतात ते इथे कळवा.