मदत हवी आहे : शेवटी मोठी रक्कम असलेल्या कार लीजचा मासिक हप्ता कसा काढावा?

वैदेही_नाशिक

नमस्कार. आमच्या छोट्या वास्तुरचना कार्यालयासाठी एक गाडी लीजवर घेण्याचे चालले आहे. कंपनीच्या कोटेशननुसार अर्थसाहाय्याची रक्कम १२,००,००० रुपये, मुदत ४८ महिने, व्याजदर घटत्या शिल्लकेवर वार्षिक १२ टक्के आणि मुदत संपताना एकरकमी बलून ४,८०,००० रुपये आहे. मासिक हप्ता त्यांनी २३,७६० रुपये लिहिला आहे.

मी १२ लाखांतून ४.८० लाख वजा केले आणि उरलेल्या ७.२० लाखांवर नेहमीप्रमाणे ईएमआय काढला, तर तो १८,९६० रुपये येतो. माझ्या सहकाऱ्याने एक्सेलमध्ये बलूनची रक्कम घालून पाहिले, तेव्हा ३९,४४१ रुपये आले. कंपनीचा आकडा या दोहोंच्या मध्ये कुठेतरी आहे. तो बरोबर आहे का, आणि असल्यास कसा येतो, हे कोणी समजावून सांगेल का?

तात्या_सांगली

ताई, लीजच्या भानगडीत न पडता सरळ कर्ज घ्यावे, असे माझे मत आहे. माझ्या टेम्पोच्या वेळी सात टक्के दर सांगितला होता आणि तो फ्लॅट निघाला. घटत्या शिल्लकेवर तोच दर चार वर्षांच्या मुदतीला साडेबारा टक्क्यांच्या वर जातो. तुमच्याही हप्त्यात असेच काही दडलेले असणार.

हिशेबनीस

तात्या, आपला अनुभव खरा असला, तरी येथे फ्लॅट दर दडलेला नाही, कारण कंपनीचा आकडा घटत्या शिल्लकेच्या हिशेबाशी तंतोतंत जुळतो.

वैदेहीताई, तुमचा आणि कंपनीचा आकडा यांतील फरक बरोबर ४,८०० रुपये आहे, आणि ४.८० लाखांचे एका महिन्याचे एक टक्का व्याजही तेवढेच होते. हा योगायोग नव्हे. बलूनची रक्कम तुम्ही शेवटी फेडणार असलात, तरी ती पहिल्या दिवसापासून तुमच्या गाडीत गुंतलेली आहे आणि ४८ महिने तशीच राहणार आहे. मुद्दल कमी होत नाही, त्यामुळे तिच्यावरचे व्याज दरमहा तेवढेच लागते. उरलेले ७.२० लाख मात्र नेहमीच्या कर्जासारखे फिटत जातात आणि त्यांचा हप्ता तुम्ही काढलात तो १८,९६० रुपये. त्यात ४,८०० मिळवा, २३,७६० होतात.

कागदावर हेच दुसऱ्या वाटेने करतात. ४८ महिन्यांनी द्यायच्या ४,८०,००० रुपयांचे आजचे मूल्य महिना एक टक्क्याने २,९७,७२५ रुपये येते. ते १२ लाखांतून वजा केल्यावर ९,०२,२७५ रुपये उरतात. दरमहा एक रुपया असा ४८ महिने मिळणार असेल, तर त्याचे आजचे मूल्य ३७.९७४ रुपये होते. त्याने भागले की तोच हप्ता मिळतो. म्हणजे बलून वजा करायचा हे तुमचे बरोबरच होते, फक्त तो आजच्या मूल्याने वजा करायला हवा होता.

सहकाऱ्यांच्या एक्सेलमध्ये बहुधा चिन्हाचा घोळ झाला आहे. मिळालेली रक्कम आणि शेवटी द्यायची रक्कम यांची चिन्हे परस्परविरुद्ध हवीत :

```
=PMT(1%,48,-1200000,480000,0)
```

दोन्हींना उणे चिन्ह दिले, की ४.८० लाख आणखी जमवायचे आहेत असे एक्सेल समजते आणि ३९,४४१ दाखवते. १२ लाखांचा बलूनशिवायचा पूर्ण हप्ताच ३१,६०१ रुपये असताना बलूनसह तो त्याहून जास्त येऊच शकत नाही, एवढ्यावरूनही चूक लगेच ओळखता येते.

न्यूजर्सीकर

आमच्याकडे अमेरिकेत लीजचा हप्ता इतक्या खटाटोपाशिवाय काढतात. १२ लाख आणि ४.८० लाख यांची वजाबाकी ४८ ने भागली की १५,००० मिळतात. या दोन रकमांची बेरीज मनी फॅक्टरने, म्हणजे १२ भागिले २४०० अर्थात ०.००५ ने गुणली की ८,४०० मिळतात. एकूण २३,४०० झाले. तेव्हा कंपनी दरमहा ३६० रुपये जास्त घेत आहे. शिवाय शेवटी गाडी परत करून मोकळे होता येते, मग बलूनची चिंता कशाला?

हिशेबनीस

ते सूत्र तिथे रूढ आहे आणि झटपट अंदाजाला चांगलेही आहे, पण त्यात शिल्लक सरळ रेषेत उतरते असे धरलेले असते. प्रत्यक्षात सुरुवातीला व्याज जास्त आणि मुद्दल कमी फिटते. पहिल्याच हप्त्यात १२,००० व्याजाचे जातात आणि मुद्दलातून फक्त ११,७६० वजा होतात. २४ हप्ते भरून झाल्यावरही सुमारे ८,८२,८०० रुपये बाकी असतात, तर सरळ रेषेने ८.४० लाख दिसले असते. म्हणून त्या ३६० रुपयांवरून कंपनीला दोष देता येणार नाही. तुमच्याकडच्या लीजमध्ये हप्ता महिन्याच्या सुरुवातीला देतात, हेही लक्षात घ्यावे. गाडी परत करण्याबद्दल म्हणाल, तर ते करारावर अवलंबून आहे. बलून भरणे हे बंधन आहे की पर्याय, हे कलम वाचल्याशिवाय सांगता येणार नाही.

वैदेही_नाशिक

सुरुवातीच्या हप्त्याचा उल्लेख झाला म्हणून कोटेशन पुन्हा पाहिले. पहिला हप्ता गाडी ताब्यात देतानाच घेणार आहेत आणि बलून ४८ महिने पूर्ण झाल्यावर आहे. याने काही फरक पडतो का?

हिशेबनीस

पडतो, आणि खरी घासाघीस तिथेच करावी. २३,७६० हा आकडा महिना संपल्यावर हप्ता भरायचा असेल तरच १२ टक्क्यांचा आहे. सर्व हप्ते एक महिना आधी घेत असतील, तर त्याच दराने हप्ता २३,५२५ रुपये व्हायला हवा. वरच्या सूत्रातील शेवटचे शून्य बदलून तिथे १ लिहा, म्हणजे दिसेल. आगाऊ घेऊनही २३,७६० च आकारले, तर प्रत्यक्ष दर सुमारे १२.३ टक्के पडतो. दरमहा २३५ रुपये, म्हणजे ४८ महिन्यांत सव्वाअकरा हजारांच्या आसपास. त्यांना फक्त एवढेच विचारा की हप्ता आगाऊ धरून काढला आहे की मागाहून. बोलण्यावर न थांबता ४८ ओळींचे पूर्ण वेळापत्रक मागून घ्या. शेवटच्या हप्त्यानंतर त्यात बलूनएवढीच बाकी उरणार आहे की नाही, हे एका नजरेत कळते.

प्राजक्ता_सीए

दोन गोष्टी सुटल्या आहेत. कमी हप्ता म्हणजे कमी खर्च नव्हे : कोटेशनप्रमाणे एकूण १६,२०,४८० रुपये जातात, तर बलूनशिवाय त्याच दराने १५.१७ लाखांच्या आसपास. म्हणजे एक लाखावर जास्तीचे व्याज. दुसरे असे की, हा व्यवहार कर्जाचा असेल तर व्याजावर जीएसटी लागत नाही, पण लीज असेल तर प्रत्येक भाड्यावर लागतो. २३,७६० मध्ये तो धरलेला नाही, कारण निव्वळ व्याजाच्या हिशेबानेच तो आकडा जुळला. त्यामुळे हातातून दरमहा जाणारी रक्कम याहून मोठी असेल, आणि प्रवासी गाडीवरील कराची वजावट आपल्यासारख्या कार्यालयाला सहसा मिळत नाही.

वैदेही_नाशिक

सर्वांचे आभार. कंपनीकडून वेळापत्रक मागवले आहे आणि हप्ता आगाऊ की मागाहून हेही लेखी विचारले आहे. कराराच्या मसुद्यात बलूनसाठी 'अंतिम देय रक्कम' एवढाच शब्द आहे. ती भरल्यावर गाडी आमच्या नावावर होणार का, आणि त्या रकमेवरही जीएसटी लागणार का, याचा त्यात उल्लेख नाही. अशा मसुद्यात नेमके कोणते कलम मागून घ्यावे, हे प्राजक्ताताई किंवा अन्य कोणी सांगू शकेल का?