पगारावरून तासाचा रेट

> सीटीसी ९ लाख, पाच दिवसांचा आठवडा. बाहेरचं काम घ्यायचंय. २०८० तासांनी भागलं तर ४३३ रुपये येतात, हा रेट बरोबर आहे का?

कमी आहे. २०८० म्हणजे ५२ आठवडे गुणिले ४० तास, त्यात तुम्ही दिवाळीलाही कामावर असता :) २६० दिवसांतून आधी सुट्ट्या काढा, पण फक्त सोमवार ते शुक्रवारात येणाऱ्याच, रविवारी आलेली सुट्टी आधीच वजा झालेली असते आणि लोक तीच परत वजा करतात. समजा अशा १० निघाल्या, आणि पीएल-सीएल-सिक मिळून २५ रजा, तर उरले २२५ दिवस. रोजचे ८ तास धरले की १८०० तास, म्हणजे बरोब्बर ५०० रुपये. ऑफिसात नऊ तास बसत असाल तरी जेवणाचा तास धरू नका.

रजा मात्र खरंच घेता तेवढ्याच धरा. न घेतलेल्या रजेचे कंपनी वेगळे पैसे देत असेल तर ते दिवस कामाचेच.

सीटीसी धरलीत ते योग्यच, कारण बाहेरच्या कामात कंपनीचा पीएफ वगैरे कोणी भरणार नाहीये. पण ५०० हा नोकरीतला भाव झाला हां. पूर्णवेळ फ्रीलान्सिंग करणार असाल तर कामं शोधणं, कोटेशन, बिलाचा पाठपुरावा यांचे पैसे कोणी देत नाही, त्यात एक तृतीयांश वेळ गेला तर बिल करता येणारे तास १२०० च राहतात आणि रेट जातो ७५० वर. लॅपटॉप, इंटरनेटचा खर्च त्यावर वेगळा.