शिफारसपत्रात तुम्ही नेमकं काय लिहिलंत?

निशिगंध: दोन वर्षांपूर्वी टीम सोडून गेलेल्या मुलीने शिफारसपत्र मागितलं. पहिल्या झटक्यात लिहिलं, 'मेहनती, प्रामाणिक, सगळ्यांशी मिळून मिसळून वागणारी.' वाचलं तर नाव बदलून टीममधल्या कुणालाही चाललं असतं. मग जुन्या मेल उघडल्या. महिनाअखेरीला पुरवठादारांची बिलं आमच्या नोंदींशी जुळवायला दोन दिवस जायचे, दीडेकशे नोंदी हाताने शोधायच्या. खरं तर ते तिचं कामच नव्हतं. ती एक दुपार अकाउंट्सवाल्यांच्या शेजारी बसली. एकच बिल नंबर कुणी डॅश देऊन टाकतं, कुणी जागा सोडून, हे तिने हेरलं आणि नंबर टाकतानाच तपासणी बसवली. पुढच्या महिन्यात न जुळलेल्या नोंदी उरल्या बारा. पत्रात हाच प्रसंग लिहिला, 'मेहनती' खोडलं. तुमचे अनुभव सांगा.

जुनाखिळा: मी भरतीच्या बाजूचा. असं पत्र आलं की फोन करतो आणि पहिलंच विचारतो, 'यात तिचा वाटा किती?' पत्र देणारे बरेचदा तिथेच अडखळतात, कारण टीमचं काम एकाच्या नावावर लिहिलेलं असतं. तेव्हा तिने काय केलं, बाकीच्यांनी काय केलं, हे वेगळं लिहा. सुरुवातीलाच सांगा की तुम्ही तिच्या थेट वरिष्ठ होतात आणि किती काळ. उरलेल्या बारा नोंदी का जुळल्या नाहीत, तेही एका ओळीत येऊ द्या. सगळंच सुटलं म्हटलं की मला शंका येते.

रात्रपाळी: आकडा हवाच. आकडा नसेल तर ते उदाहरणच नव्हे.

केतकी: नाही पटलं. आमच्या सपोर्टमधला एक मुलगा चिडलेल्या ग्राहकाला आधी त्याचीच तक्रार स्वतःच्या शब्दांत परत सांगायचा, 'बरोबर समजलो ना?' विचारायचा, मगच उपायाला हात घालायचा. मी तेवढंच लिहिलं. ह्याला कुठला आकडा लावू?

अबोली: मला तर जुन्या ऑफिसने आठ महिने पत्रच दिलं नाही! शेवटी मिळालं त्यात फक्त तारखा आणि हुद्दा.

जुनाखिळा: अबोलीताई, ते अनुभव प्रमाणपत्र. ते एचआर देतं, त्यात एवढंच असतं. हे पत्र ज्याने काम जवळून पाहिलं त्याने द्यायचं. कंपनीच्या लेटरहेडवर चालेल का, ते मात्र आधी विचारून घ्यावं.

रात्रपाळी: आणि उणी बाजू? लिहायची का?

केतकी: मी लिहीत नाही. फोनवर विचारलं तर खरं सांगते.

जुनाखिळा: मला लिहिलेली आवडते. पण त्यावरूनच उमेदवार गाळणारेही पाहिलेत.

निशिगंध: पाठवण्याआधी कच्चं पत्र तिला दाखवलं. म्हणाली, 'ताई, डॅशचा घोळ मी नाही हेरला, अकाउंट्सच्या काकांनी दाखवला. मी फक्त विचारत बसले होते.' वाक्य बदललं: तिने विचारलं, त्यांनी दाखवलं, तपासणी तिने बसवली.