मदत हवी आहे: टाकी भरत आली की कॉन्टॅक्टर तडतडतो

नमस्कार मंडळी. घरी दीड एचपीची सिंगल फेज मोटर खालच्या हौदातून गच्चीवरच्या हजार लिटरच्या टाकीत पाणी चढवते. मोटर बंद करायला रोज विसरतो, म्हणून फ्लोट स्विच आणि २३० व्होल्ट कॉइलचा कॉन्टॅक्टर बसवला.

जोडणी अशी: एमसीबीतून फेज हौदातल्या फ्लोटला, तिथून वरच्या टाकीच्या फ्लोटला, मग कॉइलच्या A1 ला. A2 ला न्यूट्रल. मोटरची फेज आणि न्यूट्रल कॉन्टॅक्टरच्या मुख्य पोलमधून. वरचा फ्लोट खाली लोंबला की संपर्क जुळतो, हौदातला वर तरंगला की. दोन्ही मल्टीमीटरने तपासले. हौद आटला की मोटर बरोबर थांबते.

गडबड टाकी भरताना होते. शेवटच्या दोन बोटांवर पाणी आलं की कॉन्टॅक्टर तड तड तड करतो, मोटर दहा-पंधरा सेकंदांत चार वेळा चालू-बंद. अशाने कपॅसिटर जाईल, नाहीतर वाइंडिंग.

झाकण उघडून पाहिलं तर इनलेटची धार फ्लोटजवळच पडते आणि तो लाटांवर हिंदकळतो. वजन फ्लोटपासून जेमतेम चार बोटांवर बांधलंय, ही माझीच हौस.

वजन फूटभर लांब सरकवून भागेल, की वर दोन फ्लोट लावून 13-14 च्या संपर्कातून कॉइल धरून ठेवावी? आणि टाकीत २३० व्होल्ट उतरवायची भीती वाटते. २४ व्होल्टची कॉइल आणि ट्रान्सफॉर्मर कुणी वापरलाय का?