स्टार्टअपचं नाव: सरळ वर्णनाचं, नव्याने घडवलेलं की रूपकाचं?

हिशोबनीस: गृहनिर्माण सोसायट्यांचा मेंटेनन्स, पावत्या आणि थकबाकी सांभाळणारं सॉफ्टवेअर आम्ही तिघं मिळून करतोय. नावाचे तीन पर्याय उरलेत: 'सोसायटी हिशोब', 'सोहिबो' आणि 'चावडी'. पहिलं नाव ऐकलं की सेक्रेटरीकाकांना काही समजावून सांगावं लागत नाही, म्हणून माझा कल तिकडे आहे. तुम्हाला काय वाटतं?

मुठेकाठ: डोळे झाकून 'चावडी' घ्या. गावाचा सारा तिथे वसूल व्हायचा, नोटिसा तिथेच लागायच्या. तुमच्या ॲपमध्ये तरी दुसरं काय आहे? फक्त मराठीबाहेर कुणाला हा शब्द कळणार नाही, एवढंच.

बेळगावकर: कळेल की. कन्नड, तेलुगू, तमिळ तिन्हींत चावडी आहे, अर्थ थोडे वेगळे. तमिळमध्ये वाटसरूंच्या मुक्कामाची जागा असाही अर्थ होतो.

उद्यमी_नाशिक: एवढा काथ्याकूट कशाला? 'सोसायटी हिशोब प्रायव्हेट लिमिटेड' म्हणून कंपनी नोंदवा, डोमेन घ्या, नाव तुमचं झालं.

मेधा_वकील: उद्यमी, कंपनी नोंदवली की त्याच नावाची दुसरी कंपनी सहसा होत नाही, इतपत तुमचं बरोबर. ट्रेडमार्कचा हक्क त्यातून मिळत नाही.

हिशोबनीस, 1999 च्या ट्रेडमार्क कायद्याचं कलम 9 बघा. नाव निव्वळ मालाचं किंवा सेवेचं वर्णन करत असेल तर नोंदणीला हरकत येते. अर्ज करण्याआधीच्या वापरामुळे ते नाव तुमच्याशी जोडलं गेलंय, हे सिद्ध केलं तर सूट मिळते. त्यासाठी जुनी बिलं, जाहिराती, उलाढाल दाखवावी लागते आणि नव्या कंपनीकडे नेमकं तेच नसतं. लोगोसकट नोंदणी कदाचित होईल, पण मग संरक्षण त्या चित्राला. 'हिशोब' या शब्दावर एकाधिकार मिळत नाही.

शादी डॉट कॉमचंच घ्या. 2014 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्यांना एका स्पर्धकाविरुद्ध दिलासा दिला, कारण त्याने आपल्या साइटच्या मेटाटॅगमध्ये, म्हणजे सर्च इंजिनसाठी कोडमध्ये दडवलेल्या शब्दांत, त्यांचंच नाव घालून ग्राहक वळवले होते. 2016 मध्ये त्याच न्यायालयाने 'सेकंडशादी'विरुद्ध मात्र दिलासा नाकारला. शादी हा सेवेचं वर्णन करणारा रोजचा शब्द आहे, तो एकट्याला कसा द्यायचा? इतक्या मोठ्या नावाची ही गत, तर उद्या शेजारच्या गल्लीत 'सोसायटीचा हिशोब' निघाल्यावर तुम्ही काय करणार?

हिशोबनीस: मॅडम, हे ठाऊक नव्हतं. मग 'सोहिबो'?

मेधा_वकील: कायद्याच्या दृष्टीने घडवलेलं नाव सगळ्यांत भक्कम. मात्र त्याला अर्थ तुम्हालाच मिळवून द्यावा लागतो, म्हणजे पैसा आणि वर्षं दोन्ही. मधली वाटही आहे: 'झिरोधा'त झिरो आणि रोध आहेत, पण सुटा शब्द आधी कुठे नव्हता.

प्राची_सपोर्ट: माझा अनुभव सांगते. मी ज्या कंपनीच्या सपोर्टला होते तिचं नाव घडवलेलं होतं. फोनवर नाव सांगितलं की समोरचा विचारायचा, "एक ओ की दोन? व्ही की डब्ल्यू?" रोज तेच. ॲप स्टोअरमध्ये चुकीचं स्पेलिंग टाकून लोक भलत्याच ॲपवर जायचे. ठरवण्याआधी चार-पाच जणांना फोनवर नाव एकदाच सांगा आणि रोमन लिपीत लिहून पाठवायला सांगा.

हिशोबनीस: आत्ताच करून बघितलं. 'सोहिबो' सगळ्यांनी `Sohibo` लिहिलं. 'चावडी'चे मात्र `Chavdi`, `Chawdi`, `Chavadi` असे तीन प्रकार आले.

मेधा_वकील: शिवाय महसूल विभागाची जमिनीच्या फेरफार नोटिसांची 'आपली चावडी' आहेच. लोक शोधायला गेले की आधी तीच दिसेल. रूपक जितकं नेमकं, तितकं ते आधी कुणाला तरी सुचलेलं असतं.

मुठेकाठ: मान्य. तरी 'सोहिबो' जिभेवर रुळत नाही हो.

थकबाकीदार: मला तर चावडी म्हटलं की चावडीवाचन आठवतं. आमच्या सोसायटीत थकबाकीदारांची यादी लिफ्टपाशी लावतात. तशा ॲपला हे नाव दिलंत तर मी उघडणारसुद्धा नाही.

बेळगावकर: उद्या गेटवरची पाहुण्यांची नोंद किंवा पाणी टँकरचं बुकिंग आणलंत, तर 'हिशोब' अपुरं पडेल हेही बघा. ग्राहकसेवेचं सॉफ्टवेअर करणाऱ्या फ्रेशडेस्कने उत्पादनं वाढल्यावर 2017 मध्ये कंपनीचं नाव फ्रेशवर्क्स केलं. त्यांना 'फ्रेश' तरी ठेवता आलं.

उद्यमी_नाशिक: माझ्या फरसाणाच्या दुकानालाही एखादं रूपक सुचवा ना कुणी.

मेधा_वकील: दादा, त्यासाठी वेगळा धागा काढा. हिशोबनीस, ट्रेडमार्कच्या सार्वजनिक शोधात सॉफ्टवेअरचे वर्ग 9 आणि 42 दोन्ही तपासा. शब्दाबरोबर उच्चाराचा पर्यायही निवडा, 'सोहिबो'सारखं ऐकू येणारं काही निघतं का ते दिसेल. स्टार्टअपला ऑनलाइन अर्जाची फी प्रत्येक वर्गाला 4,500 रुपये आहे, तेव्हा आधी शोध, मग अर्ज.

हिशोबनीस: आज रात्रीच बसतो. 'सोसायटी हिशोब' नावाऐवजी लोगोखालची ओळ म्हणून ठेवली तर सेक्रेटरीकाकांची सोय होईल. 'चावडी' सोडवत नाही, पण तिघांपैकी दोघं आता 'सोहिबो'कडे झुकलेत.