XIRR शीटमध्ये ७.५८, ॲपवर १२.०१: चूक कुठे होतेय?

रानजाई

नमस्कार. आईच्या म्युच्युअल फंडाचा हिशेब गूगल शीटमध्ये मांडतेय. एसआयपी दर महिन्याच्या ५ तारखेला ५,००० रुपयांची होती. एप्रिल ते जून खात्यात पैसे कमी पडले आणि तिन्ही हप्ते परत गेले. मग जुलैत एक हप्ता हाताने भरला, ऑक्टोबरमध्ये एकदम वीस हजार टाकले, आणि एसआयपी बंद केली.

```
05-01-2024    -5000
05-02-2024    -5000
05-03-2024    -5000
08-07-2024    -5000
10-10-2024   -20000
06-01-2025    42500

=XIRR(B1:B6, A1:A6)
```

शेवटची ओळ त्या दिवशीचं मूल्य. XIRR ने वर्षाचा परतावा येतोय ७.५८ टक्के, आणि फंडाच्या ॲपवर त्याच दिवशी १२.०१. भरलेले ४०,००० आणि मूल्य ४२,५०० दोन्हीकडे जुळतात. दोन दिवस यातच अडकलेय. आईला कुठला आकडा सांगू?

जुनं पासबुक

ॲपवाले आकडा फुगवून दाखवतात. चाळीस हजारांवर अडीच हजार सुटले, म्हणजे ६.२५ टक्के. वर्ष झालंय, तेव्हा खरा परतावा तोच. बारा येईलच कुठून?

आकडेमोड

पासबुककाका, ६.२५ हा भागाकार बरोबर आहे, पण वर्ष झालं ते फक्त पहिल्या पाच हजारांना. निम्मी रक्कम, म्हणजे ऑक्टोबरचे वीस हजार, जेमतेम ८८ दिवस फंडात होती. वर्षाला १२ टक्के धरले तरी ८८ दिवसांत त्यावर साधारण ५५४ रुपयेच सुटतात. उरलेले एकोणीसशे-साडेएकोणीसशे आधीच्या चार हप्त्यांवरचे. बेरीज अडीच हजारांच्या आसपास जाते, तेव्हा ॲपचा आकडा मला पटतो.

रानजाई, रकमा आणि चिन्हं ठीक आहेत. मला तारखांचा संशय येतोय. C1 मध्ये हे लिहा, खाली ओढा आणि काय दिसतं ते इथे टाका:

```
=TEXT(A1,"d mmm yyyy")
```

हप्तेबंद

मला तर #NUM! येतं. माझेही दोन हप्ते चुकलेत. चुकलेल्या महिन्यांसमोर शून्य लिहायचं का?

आकडेमोड

शून्याची ओळ असली काय, नसली काय, उत्तर तेच. तुम्ही हप्ते आणि मूल्य दोन्ही अधिक चिन्हाने भरले असणार. हप्ते उणे करून बघा.

रानजाई

अहो, हे बघा काय आलं!

```
1 May 2024
2 May 2024
3 May 2024
7 Aug 2024
10 Oct 2024
1 Jun 2025
```

मे महिन्यात तर आम्ही एक रुपया भरलेला नाही. A रकान्यात मात्र अजूनही 05-01-2024 असंच दिसतंय.

कोकणकडा

१ मे म्हणजे महाराष्ट्र दिन, शेअर बाजार बंद. त्या तारखेचे युनिट मिळणारच नाहीत. आणि १ जून २०२५ रविवार आहे.

आकडेमोड

सापडलं. तुमची शीट अमेरिकन पद्धतीवर आहे, आधी महिना आणि मग दिवस. तुम्ही ५ जानेवारी लिहिलंत, तिने १ मे वाचलं. पहिले तीन हप्ते मेमध्ये सरकले, मूल्याची तारीख जूनवर गेली आणि वीस हजार ८८ ऐवजी २३४ दिवस फंडात होते असा हिशेब झाला. तेवढाच नफा जास्त दिवसांवर पसरला, म्हणून दर पडला. १० ऑक्टोबर उलटा केला तरी तोच, म्हणून ती ओळ वाचली.

एखादा हप्ता १५ तारखेचा असता तर पंधरावा महिनाच नाही म्हणून ती तारीख नुसता मजकूर राहिली असती, डावीकडे चिकटली असती आणि तुमच्या लगेच लक्षात आलं असतं. सगळे दिवस बाराच्या आत असले की चूक गुपचूप राहते. File > Settings मध्ये Locale ला India निवडा. मात्र आधी भरलेल्या तारखा आपोआप सुधारत नाहीत, त्या सहाही पुन्हा टाइप करा.

रानजाई

केलं. १२.०१ आलं! मनापासून आभार. आता आणखी एक: परत गेलेल्या तीन हप्त्यांपायी बँकेने दर वेळी २९५ रुपये कापले. तेही धरायचे का?

आकडेमोड

फंड कसा चालला हे बघायचं असेल तर नको, तो दंड फंडाकडे गेलाच नाही. मी धरत नाही.

जुनं पासबुक

इथे मात्र मी अडून बसणार. पैसे तर आईच्याच खात्यातून गेले ना?

रानजाई

एप्रिल, मे, जूनच्या ५ तारखेला उणे २९५ घालून पाहिलं. दर साडेसातवर येतो. ८८५ रुपयांनी एवढा फरक पडेल असं वाटलं नव्हतं. आईला दोन्ही आकडे दाखवते.