पंधरा टक्के शिक्षा म्हणजे पंच्याऐंशी टक्के खोट्या तक्रारी?

मृण्मयी: विवाहितेच्या सासरी होणाऱ्या छळाबद्दलच्या, जुन्या भारतीय दंड संहितेतील कलम ४९८-अ वरचा एक लेख वाचते आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या ‘अर्नेश कुमार’ (२०१४) निकालाच्या आधारे लेखक म्हणतो की सरसकट अटक बेकायदा आहे, आणि पुढे म्हणतो की या कलमाचा सर्रास दुरुपयोग होतो. पुरावा म्हणून १५ टक्के शिक्षेचे प्रमाण आणि उच्च न्यायालयांचे काही निवाडे दिले आहेत. ते निवाडे ‘४९८-अ’ आणि ‘दुरुपयोग’ हे शब्द टाकून शोधल्याचे तळटीप सांगते. लेख कितपत ग्राह्य धरावा?

अनघा: पहिले विधान कायद्याच्या अर्थाचे आहे. सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यात अटक का आवश्यक आहे याची कारणे पोलिसांनी नोंदवावीत, असे फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम ४१ सांगत होते, आणि ४९८-अ मध्ये कमाल शिक्षा तीन वर्षांची होती. एवढे कलमे वाचून तपासता येते; त्याला एकही आकडा लागत नाही.

दुसरे विधान मात्र मोजून सिद्ध करावे लागते. १५ टक्के हा २०१२ चा आकडा असून ज्या खटल्यांचा निकाल लागला त्यांच्यापुरताच तो आहे. तरी ‘अर्नेश कुमार’चे निकालपत्र पुढे म्हणते की ३,७२,७०६ खटले प्रलंबित आहेत आणि त्यांपैकी सुमारे ३,१७,००० मध्ये निर्दोष सुटका होईल. आपण स्वतः गुणाकार करून पाहा: ३,७२,७०६ चे ८५ टक्के म्हणजे सुमारे ३,१६,८००. म्हणजे हा नवा पुरावा नसून तेच प्रमाण पुढच्या खटल्यांना लावलेले आहे.

शिवाय सुटका म्हणजे खोटी तक्रार नव्हे. बहुतेक राज्यांत हा गुन्हा आपसात मिटवता येत नाही, त्यामुळे तडजोड झाली की फिर्यादी साक्षीत फितूर होते आणि आरोपी सुटतात, किंवा ‘बी. एस. जोशी’ (२००३) निकालाने मोकळ्या केलेल्या वाटेने उच्च न्यायालय गुन्हा रद्द करते. छळ खरा असूनही दोन्ही गोष्टी घडू शकतात.

सुहास: हे मला पटत नाही. आकडा सर्वोच्च न्यायालयाने निकालपत्रात नोंदवला आहे आणि राज्यघटनेच्या अनुच्छेद १४१ प्रमाणे तो निकाल सर्वांवर बंधनकारक आहे. शिवाय विधिलेखनात महत्त्वाचे निवाडे घेऊनच मांडणी करतात. तिथे नमुना निवडीचा प्रश्न कुठून आला?

अनघा: बंधनकारक असतो तो निकालात सांगितलेला कायदा, त्यात उद्धृत केलेली आकडेवारी त्यामुळे निर्विवाद होत नाही. तुमचा दुसरा मुद्दा अर्धा बरोबर आहे. कलम ४१ चा अर्थ सांगायला एक अधिकृत निवाडा पुरतो. पण लेखकाने ‘सर्रास’ हा शब्द लिहिला, आणि त्याच क्षणी निवाडे कसे निवडले हे विचारण्याचा अधिकार वाचकाला मिळाला.

दत्तात्रय: माझ्या धाकट्या भावावर आणि सत्तरी ओलांडलेल्या आईवर हे कलम लागले होते. सहा वर्षे तारखा झाल्या आणि शेवटी दोघे निर्दोष सुटले. आमच्यासारख्यांना हा दुरुपयोग नाही असे कोण म्हणेल?

रेवती: दत्तात्रयराव, आपल्या घरावर जे गुजरले ते कोणी नाकारत नाही. अशी प्रकरणे आहेत, पण ती किती, हा प्रश्न आहे.

मी जिल्हा न्यायालयात वकिली करते, म्हणून निवडीबद्दल लिहिते. गुन्हा रद्द करण्याचा अर्ज फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ४८२ खाली आरोपीच करत असे; खालच्या न्यायालयात शिक्षा होऊन तिथेच संपलेले प्रकरण उच्च न्यायालयाच्या निवाड्यांत दिसतच नाही. त्यात ‘दुरुपयोग’ हा शब्द घालून शोधले, तर जे सिद्ध करायचे तेच चाळणी म्हणून वापरले जाते. न्यायाधीशांनी छळ मान्य करून साध्या भाषेत लिहिलेला निवाडा त्या चाळणीतून गळतो. त्याऐवजी केवळ कलमाने शोधावे, एक खंडपीठ आणि एक वर्ष ठरवावे, सगळे आदेश घ्यावेत आणि संमतीने रद्द झालेले वेगळे मोजावेत.

आणखी एक. त्याच निकालपत्रात आरोपपत्र दाखल होण्याचे प्रमाण ९३.६ टक्के दिले आहे. म्हणजे बहुतेक तक्रारींत तपासाअंती पोलिसांना पुरावा दिसला. लेखकाने तो आकडा का गाळला?

सुहास: कारण पोलीस यांत्रिकपणे आरोपपत्र दाखल करतात.

अनघा: तसे असेल, पण तेही मोजून दाखवावे लागेल, माझ्या मते ९३.६ एकट्याने ना दुरुपयोग सिद्ध करतो ना छळ. मात्र अटकेचा मुद्दा या वादावर अवलंबून नाही. उलट उदाहरण ‘राजेश शर्मा’ (२०१७) निकालाचे आहे. दुरुपयोगाच्या चिंतेतून तिथे तक्रारी आधी पडताळणाऱ्या कुटुंब कल्याण समित्या सुचवल्या गेल्या, आणि २०१८ मध्ये तीन न्यायाधीशांच्या पीठाने संहितेत त्यांना जागा नाही म्हणून त्या काढून टाकल्या. त्यासाठी आकडे खोडावे लागले नाहीत.

मृण्मयी: लेखाच्या परिशिष्टातील यादी आत्ता पुन्हा पाहिली. पहिल्या पानावरच्या बहुतेक नोंदींपुढे ‘उभयपक्षी संमतीने रद्द’ असे आहे, आणि लेखकाने त्या सगळ्या दुरुपयोगाच्या रकान्यात धरल्या आहेत.